एका वेळी किती जण?

भोसरी, चाकण, सातपूर किंवा वाळूज, यांपैकी कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या डिझाइन ऑफिसात सकाळी अकराच्या सुमारास हमखास ऐकू येणारी एक हाक आहे : "लायसन्स सोडा रे कोणीतरी!" हाक मारणाऱ्याच्या स्क्रीनवर सॉफ्टवेअर उघडण्याऐवजी एक खिडकी आलेली असते. सगळी लायसन्सं वापरात आहेत, असं ती सांगते. मग पलीकडच्या टेबलावरचं कोणीतरी फाइल सेव्ह करून सॉफ्टवेअर बंद करतं आणि याचं काम सुरू होतं. पण पाच मिनिटांनी ज्याने लायसन्स सोडलं, त्यालाच पुन्हा हवं असतं.

त्रिमितीय डिझाइनचं किंवा ताणाचं विश्लेषण करणारं चांगलं सॉफ्टवेअर एका माणसामागे वर्षाला लाखाच्या घरात जातं. काही विश्लेषण पॅकेजेस त्याच्या कित्येक पट महाग असतात. त्यामुळे वीस-पंचवीस डिझायनरांच्या कंपनीत यंत्रसामग्रीनंतरचा मोठा खर्च बऱ्याचदा हाच असतो. आणि तो करताना मालक किंवा खरेदी विभाग विचारतो, "आपल्याकडे माणसं किती?" खरा प्रश्न तो नसतोच. एका वेळी किती जणांना ते सॉफ्टवेअर लागतं, हा खरा प्रश्न असतो. ही संख्या ज्या कंपनीने मोजलेली नसते, ती एक तर गरज नसताना पैसे भरते, नाहीतर पगारी माणसांना ताटकळत ठेवते.

नावावरचं आणि सामाईक

लायसन्स विकण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीला 'नेम्ड युजर' म्हणतात. यात लायसन्स एका माणसाच्या नावावर, खरं तर त्याच्या ईमेलवर चढवलेलं असतं. तो लॉग-इन करतो आणि काम करतो. तो रजेवर असला, मीटिंगमध्ये असला किंवा शॉप फ्लोअरवर जॉब बघायला गेला, तरी ते लायसन्स त्याचंच राहतं. शेजारच्याला ते वापरता येत नाही.

दुसरी पद्धत 'फ्लोटिंग' किंवा 'कॉन्करंट' लायसन्सची. आपल्याकडे बरेच जण त्याला 'नेटवर्क लायसन्स' म्हणतात. यात लायसन्स कोणाच्याच नावावर नसतं. सॉफ्टवेअर कितीही कॉम्प्युटरांवर टाकता येतं, पण एका वेळी ते ठरावीक संख्येइतक्याच माणसांकडे उघडतं. संख्येवर लक्ष ठेवणारा एक प्रोग्रॅम ऑफिसातल्या सर्व्हरवर चालू असतो. कोणी सॉफ्टवेअर उघडलं की तो साठ्यातलं एक लायसन्स त्याला देतो आणि बंद केलं की परत घेतो. साठा संपला की पुढच्याला नकार मिळतो.

साहजिकच फ्लोटिंग लायसन्स महाग असतं, कारण ते अनेकांच्या कामी येणार हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. ते नेम्डच्या किती पट महाग, हे सॉफ्टवेअरगणिक आणि तुमच्या घासाघिशीगणिक बदलतं. आपला हिशेब या एका गुणोत्तरावर फिरतो, म्हणून कोटेशन मागवताना दोन्ही प्रकारांचे दर शेजारी-शेजारी मागवावेत.

सर्व्हर वहीत काय लिहितो

फ्लोटिंग लायसन्स सांभाळणारा सगळ्यात जास्त पसरलेला प्रोग्रॅम म्हणजे १९८८ मध्ये आलेला फ्लेक्सएलएम. आज त्याचं नाव फ्लेक्सनेट आहे. सॉलिडवर्क्स, ॲन्सिस अशी अनेक पॅकेजेस त्याच्या आधाराने नेटवर्क लायसन्स देत आली आहेत. कॅटियासारख्या काहींचा स्वतःचा वेगळा सर्व्हर असतो, पण तत्त्व तेच.

हा प्रोग्रॅम प्रत्येक देवाणघेवाणीची नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, म्हणजे लॉगमध्ये करतो. एका सॉफ्टवेअरसाठी त्या नोंदी साधारण अशा दिसतात :

```
10:58:12 (vendord) OUT: "cadpro" sagar@PC07
11:02:40 (vendord) DENIED: "cadpro" manisha@PC14
  (Licensed number of users already reached. (-4,342))
11:09:03 (vendord) IN: "cadpro" sagar@PC07
```

पहिल्या ओळीत सागरच्या कॉम्प्युटरने १० वाजून ५८ मिनिटांनी लायसन्स घेतलं. ११ वाजून २ मिनिटांनी मनीषाला नकार मिळाला, कारण संख्या पूर्ण भरली होती. ११ वाजून ९ मिनिटांनी सागरने ते परत केलं. कंपनीला किती लायसन्सं लागतात, याचं उत्तर या तीन प्रकारच्या ओळींत रोज लिहिलं जात असतं. ही फाइल बहुतेक ऑफिसांत कोणी उघडतच नाही. डिस्क भरली की ती पुसून टाकतात आणि तिच्याबरोबर लाखोंच्या खरेदीचा एकमेव पुरावाही जातो.

ती वाचताना एक काळजी घ्यावी लागते. नकाराच्या ओळी नुसत्या मोजून चालत नाही. मनीषाने वैतागून पाच वेळा आयकॉनवर क्लिक केलं, तर पाच ओळी पडतात. काही सॉफ्टवेअर स्वतःहूनच पुन्हा पुन्हा मागणी करत राहतात. म्हणून एकाच माणसाच्या लागोपाठच्या नकारांना एकच नकार धरावं आणि त्याला नंतर लायसन्स केव्हा मिळालं, ते पाहावं. नकार आणि पुढची OUT यांच्यामधला वेळ म्हणजे खरा खोळंबा.

चोवीस जणांचा हिशेब

आता एक उदाहरण सावकाश सोडवू. हिशेब सोपा जावा म्हणून दर आणि माणसं मी मानलेली आहेत.

एका कंपनीत २४ जण हे सॉफ्टवेअर वापरतात. त्यांतले १० पूर्णवेळ डिझायनर आहेत. आठ तासांच्या दिवसात त्यांचं सॉफ्टवेअर सहा तास उघडं असतं. उरलेले १४ जण प्रॉडक्शन, क्वालिटी, खरेदी आणि प्रोसेस प्लॅनिंगमधले. ते मॉडेल उघडून माप बघतात, छोटा बदल करतात, ड्रॉइंग काढतात. त्यांचा वापर दिवसाला एक तास. नेम्ड लायसन्सला वर्षाला १ लाख रुपये आणि फ्लोटिंगला दीड लाख रुपये पडतात, असं धरू.

सगळ्यांना नेम्ड घेतलं तर २४ लाख. यात विचार करायला जागाच नाही.

सगळ्यांसाठी फ्लोटिंग घेतलं तर किती लागतील? सरासरी काढणं सोपं आहे. १० जण प्रत्येकी सहा तास आणि १४ जण प्रत्येकी एक तास, मिळून ७४ तास. त्यांना आठ तासांनी भागलं की सव्वानऊ येतात. पण सव्वानऊ ही सरासरी झाली. दिवसातला बराच वेळ मागणी तिच्यावर असणार. दहा लायसन्सं घेऊन कोणी बसला, तर दिवसभर हाका ऐकू येतील.

हे कोडं लायसन्सपेक्षा बरंच जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ मध्ये ते सोडवलं. त्याच्यापुढचा प्रश्न असा होता : एक्स्चेंजला जोडलेले ग्राहक अनेक, पण एका वेळी बोलणारे थोडे. मग लाइन किती टाकायच्या, म्हणजे 'लाइन व्यस्त आहे' हे क्वचितच ऐकावं लागेल? त्याच्या सूत्राने टेलिफोन खात्यांनी पुढे कित्येक दशकं आपल्या लाइनी मोजल्या. लायसन्स सर्व्हरसमोरचा प्रश्न त्याच जातीचा आहे. फक्त माणसं मोजकी आणि ओळखीची असल्यामुळे इथे शक्यतेचं साधं शाळकरी गणितही पुरतं, आणि ते कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये करता येतं.

प्रत्येक जण आपापल्या सोयीने, दिवसभरात केव्हाही सॉफ्टवेअर उघडतो असं धरलं, तर उत्तर असं येतं. १२ फ्लोटिंग लायसन्सं घेतली, तर मागणी त्यांच्या वर जाण्याची वेळ दिवसातल्या सुमारे ४ टक्के, म्हणजे जेमतेम १८ मिनिटं. १३ घेतली, तर सुमारे १ टक्का, म्हणजे पाचेक मिनिटं. १३ घेऊ. त्यांचे साडेएकोणीस लाख होतात. २४ लाखांवरून साडेचार लाख वाचले.

बरेच जण इथे थांबतात, पण खरी बचत पुढे आहे. पूर्णवेळच्या १० जणांकडे वेगळं पाहा. ते दिवसाचा पाऊण भाग सॉफ्टवेअरमध्येच असतात. त्यांच्यासाठी ९ फ्लोटिंग घेतली, तरी दिवसातला साडेपाच टक्के वेळ एकाला थांबावं लागेल. म्हणजे दहांमागे फार तर एक लायसन्स वाचतं आणि उरलेल्या प्रत्येकावर दीडपट भाव द्यावा लागतो. त्यांना नेम्डच स्वस्त : १० लाख.

१४ जणांचं गणित मात्र उलटं. त्यांची सरासरी मागणी पावणेदोन. चार फ्लोटिंग लायसन्सं घेतली, तर चारांपेक्षा जास्त जणांना एकाच वेळी गरज पडण्याचा काळ सव्वादोन टक्के, दिवसातली अकराएक मिनिटं. चार लायसन्सांचे सहा लाख. १० आणि ६ मिळून १६ लाख.

तेच सॉफ्टवेअर, तीच २४ माणसं. २४ लाख, साडेएकोणीस लाख आणि १६ लाख. तिसऱ्या पर्यायात पूर्णवेळचे डिझायनर कधीच अडत नाहीत आणि अडलाच तर एक तासवाला अडतो. त्याला दहा मिनिटं थांबणं फारसं जड जात नाही.

हे उत्तर दीडपट भावाचं आहे. दोन्हींचा भाव सारखा असेल, तर सगळी फ्लोटिंग घेणं किंचित स्वस्त पडेल, १४ ऐवजी १३ लाख. भाव दुप्पट असेल, तर सगळी फ्लोटिंग घेतल्यावर २६ लाख जातील, म्हणजे सगळी नेम्ड घेण्याहूनही जास्त. मिश्र पर्याय मात्र तेव्हाही १८ लाखांत बसतो. यातून निघणारा नियम साधा आहे : एक फ्लोटिंग लायसन्स प्रत्यक्षात जितक्या माणसांच्या कामी येतं, तो आकडा किमतीच्या गुणोत्तरापेक्षा मोठा असेल तरच ते घ्यावं. १४ जणांमागे ४ म्हणजे एकामागे साडेतीन माणसं. तिथे दीडपट भाव सहज परवडतो. पूर्णवेळवाल्यांमध्ये एकामागे सव्वा माणूसही येत नाही. तिथे परवडत नाही.

हिशेब कुठे फसतो

वरच्या गणितात एक गोष्ट गृहीत धरली होती : प्रत्येक जण आपापल्या सोयीने, केव्हाही येतो. प्रत्यक्षात माणसं एकदम येतात. सकाळची मीटिंग संपते, 'हे सगळे ड्रॉइंग जेवायच्या आत बघून द्या' असं ठरतं आणि अकरा ते एक या दोन तासांत सगळे एकाच सॉफ्टवेअरवर पडतात.

याचा परिणाम किती होतो, ते पाहण्यासारखं आहे. त्याच १४ जणांचा वापर दिवसाला एक तासच राहिला, पण त्यातला अर्धा तास या दोन तासांत आला, असं धरा. एकूण वापर एका मिनिटानेही वाढलेला नाही. तरीही त्या दोन तासांत चारांपेक्षा जास्त मागणी असण्याचा काळ सव्वादोन टक्क्यांवरून जवळपास २६ टक्क्यांवर जातो. अकरा ते एकमधला पाव भाग वेळ कोणी ना कोणी हाक मारत असतं. म्हणून महिन्याची सरासरी दाखवणारा तक्ता या कामी निरुपयोगी आहे. दर दहा मिनिटांचा आकडा लागतो, आणि तोही महिनाअखेर किंवा रिलीजचा आठवडा धरून.

दुसरी गोष्ट, उघडं टाकलेलं सॉफ्टवेअर. फ्लोटिंग लायसन्स काम करण्यासाठी लागत नाही, सॉफ्टवेअर उघडं असण्यासाठी लागतं. जेवायला गेलेला माणूस, फोनवर गुंतलेला माणूस, मॉडेल मागे उघडं ठेवून ईमेल लिहिणारा माणूस, हे सगळे लायसन्स धरून बसलेले असतात. त्या १४ जणांनी रोज फक्त अर्धा तास सॉफ्टवेअर नुसतं उघडं ठेवलं, तर सव्वादोन टक्क्यांचे साडेदहा टक्के होतात. पाचवं लायसन्स मागण्याचा अर्ज इथूनच येतो. नेम्डमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण उघडं ठेवलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या कोणाला अडवत नाही.

यावर सर्व्हरमध्येच उपाय असतो. फ्लेक्सनेटच्या सर्व्हरला 'ऑप्शन्स फाइल' नावाची एक छोटी फाइल देता येते. तिच्यातल्या दोन-तीन ओळी फार उपयोगाच्या आहेत :

```
GROUP release sagar manisha
RESERVE 1 cadpro GROUP release
TIMEOUT cadpro 1800
```

शेवटची ओळ सांगते की १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास, हालचाल झाली नाही तर लायसन्स काढून घे. माणूस परत येऊन माउस हलवतो, तेव्हा सॉफ्टवेअर पुन्हा लायसन्स मागतं. ते शिल्लक नसेल तर त्याला थांबावं लागतं. म्हणून 'उठण्याआधी सेव्ह करा' हे सगळ्यांना आधी सांगून ठेवायचं. ही सोय सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने दिलेली असेल तरच चालते आणि किती कमी वेळ ठेवता येईल, याची मर्यादाही तोच घालतो. रात्रभर चालणारं विश्लेषण सॉफ्टवेअरला 'हालचाल' वाटतं की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावं. नाहीतर पहाटे तीनला लायसन्स जायचं आणि सकाळी निकालच नसायचा.

मधली RESERVE ओळ जपून वापरायची आहे. एक लायसन्स रिलीज करणाऱ्या दोघांसाठी राखून ठेव, असा तिचा अर्थ. ते दोघे घरी गेले, तरी ते लायसन्स इतरांना मिळत नाही. एका साहेबासाठी राखलं, मग दुसऱ्यासाठी राखलं, असं करत चारांतली दोन राखीव झाली, की उरलेल्या माणसांचा साठा दोनांवर येतो आणि दीडपट भाव देऊन आपण पुन्हा नेम्डच विकत घेतलेलं असतं.

तिसरी गोष्ट, बाहेर नेलेलं लायसन्स. काही सॉफ्टवेअरमध्ये फ्लोटिंग लायसन्स लॅपटॉपवर ठरावीक दिवसांसाठी 'बॉरो' करता येतं, म्हणजे सर्व्हरशी संपर्क नसतानाही साइटवर काम होतं. पण तेवढे दिवस ते साठ्यातून वजा असतं. कस्टमरकडे तीन दिवस गेलेल्याने पंधरा दिवसांची मुदत टाकली आणि लवकर परत करण्याची सोय सुरू नसेल, तर उरलेले बारा दिवस ते कोणालाच मिळत नाही. बॉरोची मुदत माणसाच्या अंदाजावर न सोडता आधीच मर्यादित करून ठेवणं बरं.

आणि सर्व्हर. फ्लोटिंग पद्धतीत सगळ्यांचं काम एका सर्व्हरवर अवलंबून असतं. लायसन्स फाइल त्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाशी बांधलेली असते. कार्ड किंवा मदरबोर्ड बदलला, की ती फाइल चालत नाही आणि कंपनीकडून नवीन मागवावी लागते. शनिवारी संध्याकाळी असं झालं, तर सोमवारपर्यंत डिझाइन विभाग बंद. तीन सर्व्हरांची जोडणी करता येते, त्यांतले दोन चालू असले तरी काम चालतं. लहान कंपनीला तेवढा खटाटोप परवडत नसेल, तर निदान सर्व्हर चांगल्या यूपीएसवर असावा आणि बदली फाइल मागवण्याची पद्धत लिहून भिंतीवर लावलेली असावी.

नावावरच्या लायसन्सची बंधनं

नेम्ड लायसन्सला असा सर्व्हर लागत नाही. माणूस घरून, साइटवरून, हॉटेलातून काम करू शकतो. मात्र अधूनमधून इंटरनेटशी संपर्क लागतो. ऑटोडेस्कच्या बाबतीत ही मुदत ३० दिवसांची आहे.

त्याची खरी अडचण शिफ्टमध्ये दिसते. टूल रूममध्ये एकाच कॉम्प्युटरवर सकाळी एक आणि दुपारी दुसरा प्रोग्रॅमर बसतो. फ्लोटिंग असेल तर दोघांना मिळून एक लायसन्स पुरतं. नेम्ड असेल तर दोन लागतात. 'एकाच लॉग-इनवर दोघे चालवू' हा मार्ग अनेक ठिकाणी सर्रास निघतो, पण तो करारभंग आहे. कोणत्या ईमेलने, कोणत्या मशीनवर, केव्हा लॉग-इन केलं, याची नोंद सॉफ्टवेअर कंपनीकडे असते. तपासणीची नोटीस येते, तेव्हा ती त्या नोंदी पुढे ठेवते. सीट एका माणसाकडून दुसऱ्याकडे रीतसर वळवता येते, पण ही सोय नोकरी सोडणाऱ्यासाठी असते. रोज दुपारी दोन वाजता वळवण्यासाठी नव्हे.

गेल्या काही वर्षांत बाजार नेम्डकडे झुकतो आहे. ऑटोडेस्कने ऑगस्ट २०२० पासून आपली बहुवापरकर्ता सदस्यत्वं बंद करायला सुरुवात केली. जुन्या ग्राहकांना नूतनीकरणाच्या वेळी एका सामाईक सदस्यत्वाच्या बदल्यात जवळपास तेवढ्याच किमतीत दोन नेम्ड देऊ केली. हा सौदा कोणाला मानवला, हे वरच्या हिशेबावरून कळतं. एका लायसन्समागे दोन किंवा कमी माणसं होती, त्यांचं नुकसान झालं नाही. आपल्या उदाहरणातल्या १४ जणांकडे ४ सामाईक असती, तर त्यांची ८ नेम्ड झाली असती आणि सहा जण रिकाम्या हाती राहिले असते. ज्यांनी काटकसरीने वाटून घेतलं, त्यांनाच जास्त झळ बसली. हे मला अन्यायकारक वाटतं, आणि म्हणूनच कोणत्याही पद्धतीवर पाच वर्षांचं नियोजन बांधून ठेवू नये.

अशा तुरळक वापरणाऱ्यांसाठी ऑटोडेस्कने २०२१ मध्ये 'फ्लेक्स' नावाची टोकन पद्धत आणली. आधी टोकन विकत घ्यायची, सॉफ्टवेअर उघडलं की त्या दिवसाची टोकन वजा होतात. ऑटोकॅडसाठी दिवसाला ७ आणि रेव्हिटसाठी १० असा दर ठेवलेला होता. इथे मोजमापच बदलतं, ही बाब नीट लक्षात घ्यायला हवी. दहा मिनिटं वापरा की दहा तास, टोकन सारखीच जातात. महिन्यातून तीन दिवस पण दिवसभर वापरणाऱ्याला हे स्वस्त पडतं. आपले १४ जण रोज एकच तास वापरतात, पण रोज वापरतात, म्हणून त्यांची वर्षभर रोजची टोकन जातील. त्यांना हे महागात पडेल. टोकन दिवस मोजतं, फ्लोटिंग गर्दी मोजतं आणि नेम्ड माणसं मोजतं.

बेंटलीसारख्या कंपनीची रीत आणखी वेगळी. तिथे संख्या संपली म्हणून नकार मिळतोच असं नाही. सॉफ्टवेअर उघडतं, जादा वापराची नोंद होते आणि मागाहून बिल येतं. ऑफिसात हाक ऐकू येत नाही, पण अकाउंट्स विभागाला धक्का बसतो. अशा सॉफ्टवेअरमध्ये वापर तिमाहीच्या शेवटी नव्हे, दर आठवड्याला पाहावा लागतो.

कोटेशनच्या आधी

खरेदीच्या निदान दोन महिने आधी मोजायला सुरुवात करावी. सध्या फ्लोटिंग असेल, तर दर दहा मिनिटांनी ही एक आज्ञा चालवून तिचं उत्तर फाइलमध्ये साठवायचं काम सर्व्हरला लावून देता येतं :

```
lmutil lmstat -a -c 27000@licserver
```

प्रत्येक सॉफ्टवेअरची किती लायसन्सं आहेत, त्यांतली किती वापरात आहेत आणि ती कोणाकडे आहेत, हे ती सांगते. सध्या नेम्ड असेल, तर प्रत्येकाच्या वापराचा अहवाल सॉफ्टवेअर कंपनीच्या ॲडमिन पानावरून निघतो का, ते पाहावं. निघत नसेल, तर दोन आठवडे प्रत्येकाकडून उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ वहीत लिहून घेतली तरी पुष्कळ कळतं.

मग माणसांचे गट पाडायचे. दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ सॉफ्टवेअर उघडं असणारे एका बाजूला, रोज थोडा वेळ वापरणारे दुसऱ्या बाजूला, महिन्यातून दोन-चार दिवस वापरणारे तिसऱ्या. पहिल्यांना नेम्ड, दुसऱ्यांना फ्लोटिंग, तिसऱ्यांना टोकन असतील तर टोकन. यातही नुसतं मॉडेल बघून माप घेणारे बरेच निघतात. अनेक सॉफ्टवेअरचा फुकट व्ह्यूअर मिळतो आणि त्यांचं काम तेवढ्यावर भागतं. १४ पैकी पाच जण असे निघाले, तर चार लायसन्सांची गरज तीनवर येते. दीड लाख फुकट व्ह्यूअरने वाचतात.

कराराच्या कागदात दोन गोष्टी वाचून घ्याव्यात. फ्लोटिंग लायसन्स एका इमारतीपुरतं आहे, देशापुरतं की जगभर, ही पहिली. पुण्यात ऑफिस असलेल्या आणि परदेशी शाखेसोबत काम करणाऱ्या कंपन्यांना यात मोठा फरक पडतो. डेट्रॉइटचं ऑफिस तिथे सकाळी नऊला उघडतं, तेव्हा उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. एकच साठा दोघांना पाळीपाळीने पुरतो. जर्मनीचं ऑफिस मात्र उन्हाळ्यात आपल्या दुपारी साडेबाराला उघडतं आणि पुढचे साडेपाच तास दोन्हीकडे काम चालू असतं. तिथे जगभराच्या लायसन्ससाठी जादा पैसे देऊन फारसं काही हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट, नूतनीकरणाच्या वेळी संख्या कमी करता येते का. अनेक करारांत वाढवणं सोपं आणि कमी करणं अवघड असतं. म्हणून शंका असेल तेव्हा एक लायसन्स कमीच घ्यावं. कमी पडलं तर लॉगमधले नकार आठवडाभरात दाखवून देतात आणि वाढीव लायसन्स काही दिवसांत मिळतं. जास्त घेतलेलं मात्र कुठल्याच लॉगमध्ये ओरडत नाही. त्याचं बिल दरवर्षी गुपचूप येत राहतं.